उधारी
(शॉर्ट स्क्रिप्ट, एकच सीन)

(पुणे, 24 ऑगस्ट 1971, दुपारचे पावणेचार. कॉलेजची कँटीन. गल्ल्यावर अण्णा, शेजारी खरखरणारा ट्रान्झिस्टर. कोपऱ्यात 18 वर्षांचा अरू चमच्यात बघून केसांचा फुगा नीट करतोय. भांड्यांच्या कपाटाचं दार उघडून 72 वर्षांचे आजोबा बाहेर येतात, हातात दुधाची पिशवी.)

आजोबा: च्यायला, सोसायटीची लिफ्ट... मी तळमजला दाबला होता!

अरू: आजोबा, कपाटात काय करत होता?

आजोबा: (त्याच्या कोपरावरचा व्रण बघत) कैरीच्या झाडावरून पडलास आणि घरी सांगितलंस सायकलवरून पडलो, बरोबर?

अरू: (चमचा खाली पडतो) हे कोणालाच माहीत नाहीये.

आजोबा: मला आहे, कारण पडलो मीच. मी तूच आहे रे, 54 वर्षांनंतरचा.

(अरू त्यांना वरपासून खालपर्यंत बघतो. नजर टकलावर थांबते. हळूच हात स्वतःच्या फुग्यावर.)

अरू: हे... कधी?

आजोबा: ते सोड. अण्णा, दोन मिसळ, एक्स्ट्रा तर्री! घरी सून देत नाही, अॅसिडिटी होते म्हणते.

ट्रान्झिस्टर: ...वाडेकर रन आउट!

अरू: संपलं. काल गावसकर शून्यावर, आज हा.

आजोबा: (पाव बुडवत) चार विकेटनी जिंकतोय आपण. आबिद अली चौका मारतो शेवटी. आणि तुझा तो गावसकर पुढे टेस्टमध्ये दहा हजार करणारे.

अरू: दहा हजार? म्हणजे डोक्याच्या आतलंही गेलं का माझं?

(मिसळ संपते. आजोबा ऐटीत पाचशेची नोट काढतात.)

आजोबा: हे घ्या अण्णा, आणि माझी जुनी उधारी पण वळती करा. एक रुपया चाळीस. तुमची कँटीन बंद झाली आणि ती राहिलीच, अजून रात्री आठवते हो.

अण्णा: (नोट उजेडात धरून) हजाराची ऐकलीये, पाचशेची असते कधी? घरी छापता का? आणि अरूच्या नावावर एक पैसा उधारी नाही, पोरगा रोख देतो.

आजोबा: असं कसं? मग यूपीआय... (मोबाइल काढतात, बघतात, परत खिशात ठेवतात) अरू, सुट्टे आहेत का रे?

अरू: बसपुरते दहा पैसे आहेत.

अण्णा: (वही उघडून, लिहीत) अरू... दोन मिसळ, एक्स्ट्रा पाव, दोन चहा... एक रुपया चाळीस.

(शांतता. दोघं वहीकडे बघतात.)

अरू: म्हणजे 54 वर्षं जिच्यापायी झोप लागत नव्हती...

आजोबा: ...ती मिसळ मी आत्ता खाल्ली.

(अरू मागच्या खिशातून कंगवा काढतो, कपाळाला लावतो, गल्ल्यावर ठेवतो.)

अरू: अण्णा, हा धरा उधारीत. पुढे याचा फारसा उपयोग दिसत नाही.

आजोबा: (कंगवा हिसकावत) अरे वेड्या, अजून वीस वर्षं आहेत!