अस्थिमज्जा तपासणीसाठी मागणीपत्र

दिनांक ११ जून २०२५, सकाळी ११.३०
प्रति: विकृतिशास्त्रज्ञ, रक्तविज्ञान प्रयोगशाळा
रुग्ण: स्त्री, वय ४६, आंतररुग्ण क्रमांक २५/११८७४, मेडिसिन, स्त्री कक्ष ४

नमुने: उजव्या बाजूच्या कटिफलकाच्या मागील कडेतून आज सकाळी १०.४० वाजता घेतलेल्या मज्जेच्या आठ काचपट्ट्या, ईडीटीएमधील २ मिली मज्जा आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमधील १.६ सेंमी लांबीची ट्रेफाइन बायॉप्सी.

वैद्यकीय माहिती: रुग्ण जन्मापासून शाकाहारी असून दूधही क्वचितच घेते. तीन महिन्यांपासून थकवा आणि चालताना धाप, तर दोन महिन्यांपासून दोन्ही तळपायांना मुंग्या आहेत. ताप किंवा रक्तस्राव नाही. प्लीहा बरगडीखाली १ सेंमी लागते, लसीकाग्रंथी वाढलेल्या नाहीत, पायांच्या बोटांतील कंपनसंवेदना कमी आहे. थायरॉइडच्या कमतरतेसाठी थायरॉक्सिन चालू आहे. मेथोट्रेक्सेट, फेनिटॉइन वा मेटफॉर्मिन कधीही घेतलेले नाही.

९ जूनचे, म्हणजे उपचारांपूर्वीचे अहवाल: हिमोग्लोबिन ५.२ ग्रॅम, पांढऱ्या पेशी २,६००, प्लेटलेट ५८,०००, एमसीव्ही ११६, रेटिक्युलोसाइट ०.८ टक्के, एलडीएच १,८५०, अप्रत्यक्ष बिलिरुबिन २.१. स्मिअरमध्ये मॅक्रो-ओव्हॅलोसाइट व हायपरसेगमेंटेड न्यूट्रोफिल दिसले, ब्लास्ट दिसले नाहीत.

अर्थ लावताना विशेष लक्षात घ्यावे असे: आमच्याकडे येण्यापूर्वी रुग्णाला ९ व १० जून रोजी सायनोकोबालामिनचे १,००० मायक्रोग्रॅमचे एकेक इंजेक्शन, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि १० जूनला लाल पेशींची एक पिशवी दिली गेली आहे. त्यामुळे आजच्या मज्जेत लाल पेशींच्या पूर्वजांमधील मेगॅलोब्लास्टिक बदल ओसरलेले असू शकतात आणि ते न दिसल्यास बी१२ची कमतरता नव्हती असा निष्कर्ष काढता येणार नाही. जायंट मेटामायलोसाइट मात्र अधिक दिवस टिकतात, म्हणून ते आवर्जून पाहावेत. याच कारणाने आजचे रक्त बी१२साठी पाठवलेले नाही. ९ जूनच्या सीरमचा शिल्लक भाग शीतपेटीतून मागवून घेतला असून तो व त्या दिवशीचे दोन स्मिअर सोबत जोडले आहेत. बी१२ व फोलेटची पातळी त्याच सीरमवर करावी.

आमचा प्रश्न: हे चित्र केवळ पोषणाच्या अभावाने किंवा पर्निशस ॲनिमियाने पूर्णपणे समजते का, की एरिथ्रॉइड ल्युकेमिया अथवा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचा संशय ठेवण्याजोगे काही आहे? ब्लास्टचे प्रमाण, मेगाकॅरिओसाइटची रचना, तसेच पर्ल्स रंजनावर रिंग सिडरोब्लास्ट आहेत का, हे कृपया नोंदवावे. शंका वाटल्यास सायटोजेनेटिक्ससाठी हेपॅरिनमध्ये घेतलेला वेगळा नमुना कक्षात ठेवला आहे. तो आजच पाठवता येईल.

रुग्णाची लेखी संमती घेतली आहे. ब्लास्ट आढळल्यास लेखी अहवालाची वाट न पाहता कक्षाच्या अंतर्गत दूरध्वनीवर (२१४) कळवावे, कारण त्यानुसार आज संध्याकाळपर्यंत पुढच्या रक्तसंक्रमणाचा निर्णय घ्यायचा आहे.

स्वाक्षरी: निवासी वैद्यकीय अधिकारी, मेडिसिन विभाग