एकलव्याची रोजनिशी

वद्य अष्टमी, रात्र

जखम सुकली. आज प्रत्यंचा तीन बोटांनी ओढली: तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट नि अनामिका खाली. बाण सुटण्याआधीच धनुष्यावरून घसरायचा. अंगठ्याने ओढताना तो उजव्या अंगाला ठेवायची सवय. बोटं वळली की प्रत्यंचेला उलटा पीळ बसतो आणि बाण बाहेर ढकलला जातो. डाव्या अंगाला ठेवला, तसा टेकून राहिला.

नेम परत आला, वेग नाही. कुत्र्याच्या तोंडात सात बाण भरले तो हात गेला.

तात म्हणतात, ती मातीची मूर्ती मोड. नाही मोडणार, विद्या तिच्यासमोरच आली. पण अर्जुनाला दिलेल्या शब्दाची किंमत माझ्या हाताने का द्यायची, हे गुरुदेवांना विचारायला हवं होतं.

अनामिका सोलली आहे. उद्या चामडं बांधेन.