आजी ऐंशी वर्षांची झाली!

नमस्कार मंडळी, आणि आजी, तुला साष्टांग नमस्कार.

भाषणाच्या आधी एक खुलासा, कारण तो केला नाही तर आजी मध्येच थांबवून करायला लावेल. आज सहस्रचंद्रदर्शन नाही. काकांनी पत्रिकेवर तसं छापायला घेतलं होतं. आजीने पाटावर बसल्या बसल्या हिशेब घातला: साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त अशी एक पुनव धरली तर हजार पुनवा भरायला ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात. म्हणजे पुढच्या वर्षी, जूनमध्ये. तेव्हा ऐन पावसात चंद्र कुठे दिसणार, असं आत्याने विचारलं, तर म्हणाली, "तो आपलं काम करतो, तू तुझं कर." तर मंडळी, आजचा हा साधा वाढदिवस, जूनमध्ये पुन्हा यायचं आहे.

हिशेबाची ही सवय जुनी. 1959 साली गोव्यात रुपिया जाऊन एस्कुद आला, एका रुपियाला सहा एस्कुद. आजी तेव्हा चौदाची. घरचं वाणसामान तीच आणायची, त्यामुळे सहाचा पाढा तिच्या जिभेवरच बसला. दोन वर्षांनी, 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, मग भारतीय रुपये आले, एस्कुद गेले, पाढा मात्र राहिला. फोंड्याच्या बाजारात आजही दुकानदाराचा कॅल्क्युलेटर सुरू होईपर्यंत तिचा आकडा तयार असतो.

आम्हा नातवंडांना तिच्याकडून काय मिळालं? लाड मिळाले, ते सांगत बसत नाही, सगळ्यांनाच मिळतात. पण आजीने कधी "असंच करायचं असतं" म्हटल्याचं आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण. मे महिन्यात अंगणात भिरंडं फोडायला बसवायची. बिया वेगळ्या, साल वेगळी. बियांच्या गराच्या रसात मीठ घालून त्यात साल बुडवायची, उन्हात टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. आम्हाला दुसऱ्याच दिवशी कंटाळा यायचा. "एकदाच बुडवलं तर सोलं फिकी पडतात, कढीला रंग येत नाही. आणि मीठ कमी घातलं तर पहिल्या पावसाच्या दमटपणात बुरशी धरते." बियासुद्धा फुकट नाहीत, त्यांचं भिरंडेल करून थंडीत आमच्या फुटलेल्या टाचांना तीच लावायची, ओरडलो तरी पाय सोडायची नाही.

आणि पातोळ्या! श्रावणात जन्मलेल्या बाईचा वाढदिवस पातोळ्यांशिवाय होतच नाही. आजचं जेवण केटररचं असलं तरी पातोळ्या तिनेच बसून करून घेतल्या आहेत. (श्रावण असल्याने मासळी नाही, याबद्दल मोठ्या काकांचं सांत्वन जेवणानंतर करू.) हळदीचं पान कोवळं नको, फाटतं, जून नको, दुमडताना मधली शीर मोडते. तांदूळ चार तास भिजवून गंधासारखे वाटायचे. पीठ पातळ झालं की पानावरून ओघळतं, घट्ट झालं की शिजल्यावर चामडं. चून करताना एका नारळाला पाव किलो गूळ, आणि तो आळेपर्यंत ढवळायचं. घाई केलीत तर गूळ उकडताना पाणी सोडतो आणि पातोळी कडेने फुटते. मग मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटं. पहिली पातोळी देवाला, दुसरी जो सर्वांत जास्त वेळ आसपास घुटमळला त्याला. ही दुसरी पातोळी लहानपणी रोहनने इतक्या वेळा मिळवली की आम्ही तिची चौकशीच बंद केली.

आईने लग्नानंतर पहिल्यांदा पातोळ्या केल्या तेव्हा सगळ्या कडेने फुटल्या होत्या. आजीने कुणाला काही कळू दिलं नाही. त्या पानांतून सोडवून, वर ताजं खोबरं आणि तूप घालून वाढल्या आणि पंगतीत सांगितलं, "आज वेगळ्या प्रकाराने केल्यात." आईने हे आम्हाला काल रात्री सांगितलं. आजी, तू तीस वर्षं ही गोष्ट पोटात ठेवलीस, आणि आम्ही चोवीस तासांत माइकवर सांगितली. क्षमा कर.

तुझे गुडघे दुखतात, तरी तुळशीला पाणी घालायला तूच जातेस. जा. पण पावसात त्या शेवाळलेल्या पायरीवरून नको, मागच्या दाराने जा. कारण विचारशील म्हणून आधीच सांगते: मागच्या पडवीला आम्ही काल कठडा बसवून घेतला आहे, तुझ्या हाताच्या उंचीचा.

चला, आता सुवासिनींनी ओवाळायला यावं. मग केक, बिनअंड्याचा आहे. आणि पातोळ्या गरम आहेत तोवर पानातून सोडवा. गार झाल्या की चिकटतात, आणि मग ती कुणाची चूक ते आजी सांगेल.