पाचपाखाडीतील ‘अ’ व ‘ब’ विंगचे स्ट्रक्चरल ऑडिट: दुरुस्ती की पुनर्बांधणी, सभासदांसाठी सारांश

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व व्यवस्थापन समिती सदस्य

महोदय/महोदया,

आपल्या संस्थेच्या दोन्ही विंगची पाहणी व चाचण्या आम्ही नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण केल्या. त्याचा तांत्रिक अहवाल समितीकडे दिलेला आहे. त्यातील तक्ते अभियंत्यांसाठी आहेत. दि. ८ फेब्रुवारी २०२६ च्या विशेष सर्वसाधारण सभेत मत देणाऱ्या प्रत्येक सभासदाला आपण कशावर मत देत आहोत हे कळावे, यासाठी हा सारांश वेगळा लिहिला आहे.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. सभेपुढचा प्रश्न ‘दुरुस्ती की पुनर्बांधणी’ असा मांडला गेला आहे, परंतु ‘ब’ विंगच्या तळमजल्यावरील कॉलमना त्या निर्णयाची वाट पाहता येणार नाही. सभासदांनी कोणताही मार्ग निवडला तरी या कॉलमना टेकू देणे आणि त्यांतील अत्यंत खराब कॉलम तातडीने बळकट करणे हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी झालेच पाहिजे. पुनर्बांधणीचा ठराव झाला म्हणून हे काम टाळता येईल, असा समज काही सभासदांच्या बोलण्यात दिसला. तो धोकादायक आहे.

इमारतीची स्थिती

स्टिल्ट आणि त्यावर चार मजले अशा दोन विंग, प्रत्येकी २० सदनिका, भोगवटा प्रमाणपत्र १९८७ चे. इमारतीला तीस वर्षे पूर्ण होऊन बराच काळ लोटला आहे आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ नुसार अशा इमारतीच्या संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. महापालिका इमारतींचे चार प्रकार करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२ए म्हणजे इमारत किंवा तिचा भाग रिकामा करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रहिवासी राहत असताना करता येणारी मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आमच्या मते ‘अ’ विंग सी-२बी आणि ‘ब’ विंग सी-२ए या वर्गात मोडते.

एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेल्या दोन विंगमध्ये एवढा फरक का, हा प्रश्न पाहणीच्या वेळी अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर ‘ब’ विंगच्या मागच्या बाजूच्या डक्टमध्ये आहे. तेथून सांडपाण्याचे पाइप जातात, गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोही तिथेच पडतो, आणि गेली कित्येक वर्षे तेथील सात क्रमांकाच्या रांगेतील कॉलम सतत ओले राहिले आहेत. त्यांपैकी एका कॉलमवरचा गिलावा आम्ही फोडला, तेव्हा तो ६० मिलिमीटर जाड निघाला. साधारणपणे तो २० ते २५ मिलिमीटर असतो. पूर्वी कधीतरी फुगलेल्या, तडकलेल्या काँक्रीटवरच नवे सिमेंट थापून कॉलम सरळ दिसेल असा करण्यात आला होता. आतील कोपऱ्याची सळई मूळची १६ मिलिमीटरची. गंज खरवडून मोजली तेव्हा ती ११ मिलिमीटर भरली. व्यास पाचच मिलिमीटरने कमी झाला असे वाटते, पण भार पेलते ते सळईचे क्षेत्रफळ, आणि ते निम्म्याहून अधिक संपलेले आहे.

गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या दोन ते सहा पट जागा व्यापते, त्यामुळे ते आतून काँक्रीट फोडत राहते. वरून गिलावा, रंग किंवा वॉटरप्रूफिंग केल्याने ही क्रिया थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. ‘आमच्या घरात एकही तडा नाही’ असे तिसऱ्या मजल्यावरील एका आजींनी मला काळजीने सांगितले. त्यांचे घर खरोखरच नीटनेटके आहे. परंतु त्या घराचा भार ज्या कॉलमवर उतरतो तो पार्किंगमध्ये, एका स्कूटरच्या मागे आहे.

चाचण्यांचा अर्थ

मूळ नकाशांत काँक्रीटची प्रत एम-१५ दिलेली आहे. त्या काळी ती प्रचलित होती; आजच्या आयएस ४५६:२००० या मानकानुसार प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम-२० लागते. कॉलममधून गोल नमुने कापून काढून प्रयोगशाळेत दाबले असता, ‘अ’ विंगची सरासरी ताकद १४.६ आणि किमान १२.१, तर ‘ब’ विंगची सरासरी १०.८ आणि किमान ८.४ एकके आली. मानकाची अट अशी की सरासरी मूळ प्रतीच्या ८५ टक्के, म्हणजे १२.७५ असावी, आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली, म्हणजे ११.२५ खाली जाऊ नये. ‘अ’ विंग या कसोटीत बसते. ‘ब’ विंग दोन्ही बाजूंनी बसत नाही.

काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजण्याच्या चाचणीत ‘ब’ विंगच्या स्टिल्टमधील १८ पैकी १४ कॉलममध्ये वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आढळला. प्रचलित वर्गवारीत असे काँक्रीट संशयास्पद मानतात. सळईला मापक जोडून गंजण्याची शक्यता तपासली, तेव्हा १३ कॉलममध्ये ती ९० टक्क्यांहून अधिक दिसली. शेवटची चाचणी समिती सदस्यांनी स्वतः पाहिली आहे. ताज्या कापलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते. ‘ब’ विंगच्या नमुन्यावर पृष्ठभागापासून ४५ मिलिमीटरपर्यंत रंग आलाच नाही. सळई २५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे तिला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा क्षारधर्म सळईच्या पलीकडेपर्यंत संपला आहे.

पायाजवळ दोन ठिकाणी खड्डे घेऊन तपासणी केली, तेथे चिंतेचे काही आढळले नाही.

दुरुस्तीचा मार्ग

दोन्ही विंगची दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ‘अ’ विंगसाठी अंदाजे ६२ लाख रुपये आणि ‘ब’ विंगसाठी १ कोटी १८ लाख रुपये, एकूण १ कोटी ८० लाख रुपये खर्च येईल. ४० सभासदांत सरसकट वाटल्यास प्रत्येकी साडेचार लाख रुपये होतात. यात जीएसटी धरला आहे. प्रत्यक्ष फोडकाम सुरू झाल्यावर आत अधिक नुकसान सापडणे नेहमीचे असल्याने १५ टक्के वाढ गृहीत धरावी.

‘अ’ विंगमध्ये हा खर्च सार्थकी लागेल. काम नीट झाले आणि गळती बंद राहिली तर १२ ते १५ वर्षे चिंता नसावी. ‘ब’ विंगमध्ये मात्र कॉलमभोवती नवे काँक्रीट व सळया घालून जॅकेटिंग करावे लागेल, ते पायापासून वर न्यावे लागेल, आणि त्या काळात विंगमधील सदनिका टप्प्याटप्प्याने सुमारे पाच महिने रिकाम्या ठेवाव्या लागतील. एवढे करूनही गाभ्यातील काँक्रीट जुनेच राहते. माझा प्रामाणिक अंदाज आठ ते दहा वर्षांचा आहे, तोही दर पावसाळ्यानंतर पाहणी होत राहिली तर. जॅकेटिंग वगळून केवळ पॉलिमर मॉर्टर भरण्याचा स्वस्त प्रस्ताव एखाद्या ठेकेदाराकडून येऊ शकेल. ‘ब’ विंगसाठी तो स्वीकारू नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

पुनर्बांधणीचा मार्ग

किती चटई क्षेत्र मिळेल, रस्त्याच्या रुंदीनुसार काय बसेल, हे एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे वास्तुविशारदाच्या व्यवहार्यता अहवालातून ठरेल. संरचना अभियंता म्हणून मला कालावधीबद्दल बोलणे आवश्यक वाटते. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. त्यानंतर सल्लागार, निविदा, विकासकाची निवड, करारनामे, परवानग्या. आपल्या भूखंडाच्या मालमत्ता पत्रकावर अद्याप मूळ बिल्डरचेच नाव असल्याने मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे आधी करावा लागेल, आणि माझ्या मते तो सभेची वाट न पाहता याच महिन्यात करावा. सर्व सुरळीत झाले तरी घरे रिकामी करण्याचा दिवस उजाडायला दीड वर्ष लागेल. म्हणजे ‘पुनर्बांधणी’ असा ठराव केलेली इमारत किमान दोन पावसाळे सभासदांसह उभी राहणार आहे.

नौपाड्यात ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे इमारत कोसळून बारा जण गेले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ही आठवण कोणाला घाबरवून विकासकाच्या करारावर सही करायला लावण्यासाठी सांगत नाही. टेकू लावण्याचा खर्च ‘वाया जाणारा’ समजू नये, एवढ्यासाठी सांगतो.

आमची शिफारस

‘ब’ विंगच्या सात क्रमांकाच्या रांगेवरील आठ सदनिका फेब्रुवारीअखेर रिकाम्या कराव्यात. या कुटुंबांचे भाडे संस्थेने सर्व ४० सभासदांच्या वर्गणीतून द्यावे. कॉलम कोणा एकाच्या मालकीचा नसतो. ११ कॉलमना लोखंडी टेकू, त्यांपैकी चारांचे जॅकेटिंग, मागच्या तीन छज्ज्यांचे सैल काँक्रीट उतरवणे आणि टाकीचा ओव्हरफ्लो डक्टबाहेर वळवणे हे काम ३१ मार्चपर्यंत पूर्ण करावे. त्याचा खर्च सुमारे १४ लाख, म्हणजे सभासदामागे ३५ हजार रुपये. पुढे पूर्ण दुरुस्ती ठरली तर यांतील चार जॅकेटिंगचा खर्च तिच्यातून वजा होईल. तोपर्यंत ‘ब’ विंगच्या गच्चीवर साठवलेले मार्बल व कुंड्या खाली आणाव्यात आणि कोणत्याही सदनिकेत भिंत वा टाइल्स फोडण्याचे काम करू नये.

दीर्घ मुदतीसाठी माझे मत पुनर्बांधणीकडे झुकते. ‘अ’ विंग एकटी असती तर मी दुरुस्तीच सुचवली असती. परंतु दोन्ही विंग एकाच भूखंडावर आहेत, त्यांचा जिना व मलवाहिनी जोडलेली आहे, आणि आठ-दहा वर्षांनी ‘ब’ विंगसाठी हीच सभा पुन्हा भरवावी लागेल, तेव्हा ‘अ’ विंगवर खर्च केलेले ६२ लाखही हिशेबात येतील. पुनर्बांधणी ठरल्यास ‘अ’ विंगमध्ये केवळ गळतीबंदी व उघड्या सळयांवर संरक्षक लेप एवढेच करावे. सभासदांनी दुरुस्ती निवडली तर तो निर्णयही अयोग्य म्हणता येणार नाही, मात्र मग ‘ब’ विंगचे जॅकेटिंग पूर्ण व एकाच हंगामात व्हावे.

३१ मार्चपर्यंत टेकूंचे काम सुरू झाले नाही, तर ‘ब’ विंगची फेरपाहणी करून तिचा वर्ग बदलण्याबाबत मला महापालिकेच्या प्रभाग समितीस कळवावे लागेल. ८ फेब्रुवारीच्या सभेस मी कापलेले नमुने आणि ती ११ मिलिमीटरची सळई घेऊन उपस्थित राहीन. ज्यांना पार्किंगमधील कॉलम प्रत्यक्ष पाहायचे आहेत त्यांनी सभेपूर्वी अर्धा तास, सकाळी साडेनऊ वाजता, ‘ब’ विंगच्या जिन्यापाशी यावे.

आपला विश्वासू,
नोंदणीकृत संरचना अभियंता
ठाणे, दि. १८ जानेवारी २०२६