ईओक्यू, जेआयटी आणि ऑर्डरचा खर्च

परीक्षेत ‘ईओक्यू आणि जेआयटी यांतील फरक’ आला की बहुतेक जण दोन रकाने आखतात. एका वेळी किती नग मागवले तर एकूण खर्च सर्वांत कमी पडतो, तो आकडा म्हणजे ईओक्यू; लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल आणायचा, ही पद्धत म्हणजे जेआयटी. रकाने आखण्याआधी एक गणित करून बघा.

भोसरीतला एखादा कारखाना धरा. वर्षाला 12,000 बुश लागतात. एका ऑर्डरमागे कागदपत्रं, टेम्पो, तपासणी मिळून 600 रुपये जातात. एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च 10 रुपये: अडकलेला पैसा, जागा, गंज. वर्षाची गरज D, एका ऑर्डरचा खर्च S, एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च H आणि एका वेळी मागवायचे नग Q धरले, तर फोर्ड हॅरिसने 1913 साली मांडलेलं ईओक्यूचं सूत्र असं:

```
Q = √(2DS/H) = √(2 × 12000 × 600 / 10) = 1200
```

म्हणजे वर्षात दहा ऑर्डरी. ऑर्डरींचे 6,000 आणि साठ्याचे 6,000, एकूण 12,000 रुपये. स्टोअरवाल्याने 1200 ऐवजी 1500 मागवले तर? खर्च 12,300. फक्त अडीच टक्के जास्त! हे सूत्र चुका पोटात घालतं, म्हणूनच ते शंभर वर्षं टिकलं असं मला वाटतं.

पण ते 600 रुपये कुणी ठरवले? ईओक्यू हा प्रश्न विचारतच नाही. S हातात दिलेला असतो. टोयोटात जेआयटी उभी करणाऱ्या ताइची ओनो यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. घरातच भाग बनवताना S म्हणजे सेटअप, डाय बदलण्याचा खर्च. शिगेओ शिंगो यांनी तिथल्या हजार टनी प्रेसवर चार तासांचं हे काम तीन मिनिटांवर आणलं. आपल्या गणितात S 600 वरून 6 करा: Q होतो 120, एकूण खर्च 1,200. म्हणजे जेआयटीत सूत्र खोटं ठरत नाही, त्यातला आकडा बदलतो. पुढचा माल कधी आणि किती बनवायचा ते सांगणारी कानबानची कार्डं लावायची ती सेटअप कमी केल्यावर. सेटअप तसाच ठेवून नुसती कार्डं लावली, तर दिवसभर डायच बदलत बसाल.

मात्र या सूत्रात एक गोष्ट मोजलेलीच नाही: माल आलाच नाही तर? 1 फेब्रुवारी 1997 रोजी आइसिन सेइकीच्या कारिया कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच यायचा, आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस थांबले. इतर पुरवठादारांनी आपापल्या मशिनींवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला, म्हणून गाडी लवकर रुळावर आली. अशी नाती नसलेल्याने जेआयटीच्या वाटेला जाऊ नये, असं मी वर्गातही सांगतो.

2011 च्या भूकंपानंतर तर खुद्द टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं.

पुढच्या तासाला येताना हे सोडवून आणा: वरच्याच कारखान्यात S 150 झाला, तर Q किती आणि वर्षात ऑर्डरी किती?