विषय: १ एप्रिलपासून वार्षिक रेटिंग बंद, वर्षभर अभिप्रायाची पद्धत सुरू

जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील सर्व सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

येत्या १ एप्रिलपासून आपल्या कंपनीत मार्चअखेरीस दिले जाणारे १ ते ५ गुणांचे रेटिंग बंद होत आहे. त्याऐवजी प्रत्येकाशी त्याचे वरिष्ठ दर महिन्याला साधारण वीस मिनिटे कामाविषयी बोलतील आणि झालेल्या बोलण्याची चार-पाच ओळींची नोंद दोघांच्या सहीने ठेवली जाईल.

हा निर्णय का घेतला, हे मोकळेपणाने सांगतो. गेल्या वर्षी चटई विभागातले एक लूम ऑपरेटर रेटिंगचा कागद घेऊन माझ्याकडे आले होते. ऐन जूनमध्ये सूत वारंवार तुटत होते, तेव्हा ताण नेमका कुठे बिघडतो हे त्यांनीच शोधून दिले होते. फेब्रुवारीत मात्र त्यांच्या पाळीत काही माल खराब निघाला आणि कागदावर २ गुण पडले. जूनचे काम कोणाच्या लक्षातच राहिले नव्हते. त्यांच्या सुपरवायझरनाही मी दोष देत नाही, कारण एकतीस जणांचे फॉर्म त्यांनी दोन रात्रींत भरले होते. चूक पद्धतीची होती आणि ती चालू ठेवण्यात माझाही वाटा होता, याची मला खंत आहे.

पगारवाढीचे काय, हा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला. पगारवाढ पूर्वीप्रमाणेच एप्रिलमध्ये होईल; ती वर्षभराच्या नोंदी समोर ठेवून विभागप्रमुख आणि मनुष्यबळ विभाग मिळून ठरवतील, आणि जी नोंद तुम्हाला दाखवलेली नाही ती विचारात घेतली जाणार नाही. नोंद पटली नाही तर सही करण्याआधी त्याखाली आपले म्हणणे लिहावे. दर महिन्याला बोलणे म्हणजे रोजची पाळत नव्हे. हे बोलणे मशीनवर, चार माणसांदेखत होणार नाही, बाजूला बसूनच होईल.

सुपरवायझर आणि व्यवस्थापकांची अडचण वेगळी आहे. वीस माणसे हाताखाली असतील तर महिन्याला सहा-सात तास लागतात, आणि ते उत्पादनाच्या गडबडीत सापडत नाहीत, हे खरे आहे. म्हणून हा वेळ पाळीच्या नियोजनातच धरला जाईल आणि पंधरापेक्षा जास्त माणसे असतील तेथे वरिष्ठ ऑपरेटरची मदत दिली जाईल. गुण देण्याचा अधिकार गेला की माणसे ऐकणार नाहीत, अशी शंका काहींनी बोलून दाखवली. माझा अनुभव असा, की चूक त्याच आठवड्यात, नेमक्या शब्दांत सांगणाऱ्याचे माणसे ऐकतात. तोंडावर चूक सांगणे अनेकांना जड जाते, हेही मी जाणतो. त्यासाठी मार्चमध्येच सरावाचे दोन वर्ग घेत आहोत.

पहिले तीन महिने चाचणीचे असतील आणि त्या काळातील नोंदींचा पगारवाढीशी संबंध राहणार नाही. १६ ते १८ मार्च या तीन दिवसांत प्रत्येक पाळी संपल्यावर मी कँटीनमध्ये थांबेन. धुळे आणि भुसावळ येथे पुढच्या आठवड्यात येईन. शंका तेथे विचाराव्यात किंवा याच ईमेलला उत्तर द्यावे.

आपला,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
जळगाव