तुळशी वृंदावन: ताटावरच्या रुमालाचा कशिदा, घरं मोजून

काकू, जांबोटीला व्हिडिओ अडकत अडकत चालतो म्हणालात, म्हणून आडतीस मिनिटांचा तो व्हिडिओ थांबवून थांबवून उतरवून काढला आहे. शिकवणाऱ्या बाई कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु असं मोजतात. मी कान आणि डोळे दोन्ही लावून बसले, कारण तोंडचा आकडा आणि सुईचं काम एका जागी जुळत नाही. ते खाली सांगितलंय.

कापड: पांढरं मॅटी, इंचाला 11 घरं, 14 इंच रुंद. दोन्ही बाजूंना एकेक इंच दुमडीला ठेवून दुमडीची रेघ आधी कच्च्या टाक्याने घाला. आत 132 घरं उरतात. त्यात पाच वृंदावनं बसतात. एक वृंदावन 14 घरं रुंद, 18 घरं उंच, आणि दोन वृंदावनांमध्ये 6 घरं मोकळी.

दोरा दोन पदरी, सुई बोथट टोकाची. गाठ मारायची नाही. तीन इंच शेपूट मागे सोडा आणि शेवटी टाक्यांखालून ओवा. लाल दोऱ्याचा तुकडा 24 इंच घेतला की एक वृंदावन पुरं होतं. नवा लाल ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघा, रंग सुटला तर तो वापरू नका.

रंगांचा क्रम: लाल, तपकिरी, हिरवा, पिवळा. व्हिडिओत हिरवा आधी दाखवलाय, पण बारकाईने बघितलं तर तिथे कठड्याची लाल रेघ आधीच भरलेली आहे. चित्रण कापून मागेपुढे जोडलंय. लाल आधीच घ्या, बाकी सगळं त्यावरून मोजायचं आहे.

लाल, गवंती टाका. एक टाका एका घराचा: एक वर, एक खाली. टोकाला पोचलं की त्याच वाटेने उलट फिरून मोकळी घरं भरायची. पुढे फक्त जातानाचे आकडे दिलेत.

सुरुवातीचं भोक: डाव्या दुमडीपासून 21 घरं, खालच्या दुमडीपासून 8 घरं वर. पुढच्या चार वृंदावनांची सुरुवात 41, 61, 81 आणि 101 वर.

पायथा: डावीकडे 2, खाली 2, उजवीकडे 14, वर 2, डावीकडे 12. एकूण 32, आणि सुई सुरुवातीच्या भोकात. आता उलट फिरून भरा.

दुसरी पायरी: वर 2, उजवीकडे 10, खाली 2. एकूण 14. परत फिरताना 10 टाके घेऊन थांबा. उरलेले 4 शेवटी.

खांब: थांबलात तिथूनच वर 6, उजवीकडे 6, खाली 6. एकूण 18. परत येताना 12 वर थांबा, म्हणजे सुई खांबाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असते.

कठडा: डावीकडे 1, वर 1, उजवीकडे 8, खाली 1, डावीकडे 1. एकूण 12. गडबड नेमकी इथेच आहे: बाई ‘एळु’ म्हणतात, म्हणजे सात, पण सुई आठ घरं जाते. मी तीनदा मागे नेऊन बघितलं. सात धरलं तर कठडा उजव्या बाजूला मिळतच नाही. आठच घ्या.

कठडा उलट भरून कोपऱ्यात आलात की खांबाचे राहिलेले 6 खाली, मग पायरीचे 4. सुई बरोबर सुरुवातीच्या भोकात उतरते. नाही उतरली तर कुठेतरी एक घर चुकलंय, तेव्हा पुढे जाऊ नका. पुढून 76 लाल टाके दिसायला हवेत, आणि मागची बाजूही तशीच. कशिद्याची खरी परीक्षा मागच्या बाजूला होते, हे तुम्हीच मला शिकवलंत.

बाकी सगळी मेंती, म्हणजे फुली. वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेने पडू द्या.

तपकिरी खोड: कठड्याच्या वर, डावीकडून 3 घरं सोडून 2 फुल्या, त्यावर पुन्हा 2. एकूण 4.

हिरवी तुळस, खालून वर: 6, 6, 4, 4, 2. एकूण 22. पहिल्या ओळीला कठड्याच्या दोन्ही टोकांकडून एकेक घर सोडा. पुढे ओळ लहान झाली की दोन्हीकडे एकेक कमी.

पिवळा दिवा: खांबाच्या आत चारही बाजूंनी 2 घरं सोडून मधोमध 2 आणि 2, एकूण 4. हा सगळ्यात शेवटी, कारण लालाला सारखा हात लागून पिवळा मळतो.

पाच वृंदावनांना मिळून लाल 380, तपकिरी 20, हिरवे 110, पिवळे 20.

आधी एक वृंदावन जुन्या तुकड्यावर काढून बघा आणि फोटो नातवाकडून पाठवा. तुळशीच्या लग्नाला ताटावर हाच रुमाल टाकायचा आहे.